ठणका थांबला, गाल सुजला

दोन रात्री झोपू न देणारी दाढ तिसऱ्या दिवशी सकाळी बरीच शांत झालेली असते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि तोंड धुवायला आरशासमोर उभा राहतो, तेव्हा एका बाजूचा गाल फुगलेला दिसतो. घरातली मंडळी म्हणतात, 'सूज काय, उतरेल; दुखायचं थांबलं ना?' दातांच्या डॉक्टरकडे घेतलेली वेळ पुढे ढकलली जाते. दातदुखीतला सगळ्यात महागात पडणारा निर्णय बहुधा याच वेळी होतो, कारण ठणका कमी होणे आणि गाल सुजणे ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. ती घटना बरे होण्याची नसते. आतला पू हाडाची भिंत फोडून बाहेर पडलेला असतो.

हे समजण्यासाठी दाताच्या आत डोकवावे लागते. दाताचे बाहेरचे पांढरे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या आत दाताचा मुख्य पिवळसर थर आणि त्याच्याही आत एक छोटी पोकळी असते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. लोक त्याला 'नस' म्हणतात, डॉक्टर दंतमज्जा म्हणतात. कीड, म्हणजे जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने पडलेला खड्डा, या पोकळीपर्यंत पोचली की मज्जेला सूज येते. शरीरात बहुतेक ठिकाणी सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. इथे चारही बाजूंनी दगडासारख्या भिंती आहेत. शिट्टी बंद पडलेल्या कुकरसारखा आतला दाब वाढत जातो आणि त्या दाबाखाली सापडलेला मज्जातंतू ओरडत राहतो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणून हा ठणका रात्री जास्त जाणवतो. गरम चहाने कळ उठते आणि काही जणांना तर तोंडात गार पाणी धरून बसल्याशिवाय चैन पडत नाही.

मग दोन-तीन दिवसांत, कधी काही तासांतही, दाबामुळे आतला रक्तप्रवाह थांबतो आणि मज्जा मरते. मेलेली नस दुखत नाही. ठणका ओसरण्याची ही पहिली वेळ. पण मेलेल्या मज्जेत जिवाणूंना मोकळे रान मिळते. शरीराच्या पांढऱ्या पेशी रक्तातून येतात, आणि इथे तर रक्तच पोचत नाही. मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून जिवाणू जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठू लागतो. आता दुखणे वेगळ्या प्रकारचे असते. दाढ किंचित वर उचलल्यासारखी वाटते, तिच्यावर दात टेकवला तरी ब्रह्मांड आठवते आणि नेमकी कोणती दाढ दुखते ते बोट ठेवून दाखवता येते. हाडात कोंडलेल्या पुवाचा दाब फार वेदना देतो. तो हाड पोखरून शेवटी बाहेरच्या मऊ भागात शिरतो तेव्हा दाब उतरतो आणि दुखणे एकदम हलके होते. ठणका ओसरण्याची ही दुसरी वेळ, आणि गाल सुजतो तो याच वेळी.

कधी हा पू हिरडीत वाट काढतो. तिथे पुटकुळी येते, ती फुटते, तोंडात खारट-कडू चव येते आणि दुखणे थांबते. ही पुटकुळी महिनोन्‌महिने येत-जात राहिली तरी मुळाशी असलेला संसर्ग जागचा हलत नाही.

पू कुठल्या बाजूला जाईल हे नशिबावर नव्हे, तर दात कोणता आणि त्याच्या मुळाचे टोक कुठे आहे यावर ठरते. वरच्या सुळ्याचे मूळ लांब असते. त्याचा पू डोळ्याखाली आणि नाकाच्या बाजूला साठतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी पुसली जाते आणि कधी खालची पापणी इतकी सुजते की डोळा उघडत नाही. वरच्या दाढांचा पू बहुधा गालात उतरतो. खालच्या पहिल्या दाढेचाही बऱ्याचदा गालातच येतो, आणि ही सूज दिसायला मोठी असली तरी वेळेवर उपचार झाले तर सहसा आटोक्यात येते.

खरी चिंता खालच्या दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, एक पातळ स्नायू आडवा पसरलेला असतो. तोंडाचा तळ त्याच स्नायूवर तोललेला आहे. या दोन दाढांची मुळे बहुतेकांमध्ये त्या स्नायूच्या रेषेच्या खाली उतरलेली असतात. त्यामुळे त्यांच्याभोवतीचा पू आतल्या बाजूने फुटला तर तो तोंडात न येता थेट जबड्याखाली, मानेच्या वरच्या भागात जातो. तिथून जिभेखालच्या जागेत, दुसऱ्या बाजूला आणि घशाभोवतीच्या पोकळ्यांत जायला त्याला फारसा अडथळा नसतो. १८३६ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन केले. जबड्याखालचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास कोंडतो. आजही हा आजार लुडविगच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्याआधी त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता हे प्रमाण पुष्कळ खाली आले आहे, पण मृत्यूचे मुख्य कारण अजूनही तेच आहे, बंद होणारी श्वासनलिका. आणि या आजाराचे मूळ बहुतेक वेळा खालच्या मागच्या दाढेतच सापडते.

हा प्रवास दिवसागणिक कसा होतो ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला एकेक टप्पा दंतवैद्यांच्या रोजच्या कामातला आहे. समजा, सोलापूर जिल्ह्यात उसाची वाहतूक करणारा ४२ वर्षांचा ट्रॅक्टरचालक आहे. कारखान्याचा हंगाम जोरात. डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेत गेल्या वर्षापासून खड्डा आहे. जेवताना घास अडकतो, तो काडीने काढून टाकतो. चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, पण गेल्या सहा महिन्यांत साखर तपासलेली नाही.

सोमवारी रात्री ठणका सुरू होतो. मंगळवारी तो मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणि 'सोबत एक अँटिबायोटिक' म्हणून सहा कॅप्सूल आणतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत ठणका बराच उतरतो. उरलेल्या कॅप्सूल तो ठेवून देतो, पुढच्या वेळी लागतील म्हणून. गुरुवारी सकाळी गाल खालच्या बाजूने सुजलेला दिसतो, जबड्याखाली सुपारीएवढी दुखरी गाठ हाताला लागते. पण आता दुखत नसल्याने तो ट्रॅक्टर घेऊन निघतो. शुक्रवारी सूज जबड्याच्या हाडाची कड ओलांडून मानेकडे उतरते. जबड्याची कड हाताला लागेनाशी होते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, अंगात कसर जाणवते, पण दुखण्याच्या गोळीने ताप दबलेला असतो. शनिवारी थुंकी गिळतानाही त्रास होतो, आवाज तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येतो आणि पाठीवर झोपले की गुदमरते, म्हणून तो खुर्चीत बसून रात्र काढतो.

मंगळवारी हाच माणूस दंतवैद्याच्या खुर्चीत बसला असता तर दाढेला भूल देऊन वरून छिद्र पाडले असते, आतली सडकी मज्जा काढली असती आणि अर्ध्या-पाऊण तासात तो घरी गेला असता. गुरुवारी गेला असता तर त्याबरोबर हिरडीला छोटा छेद देऊन पू काढावा लागला असता आणि दाढ वाचणार की काढावी लागणार याचा निर्णय घ्यावा लागला असता. शनिवारी रात्री मात्र हे काम दंतवैद्याच्या खुर्चीतले राहिलेले नसते. त्याला अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेले रुग्णालय लागते. तोंड उघडत नाही आणि जीभ मागे सरकलेली, त्यामुळे भूल देण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालणे हेच सर्वांत धोक्याचे पाऊल ठरते. कधी नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालावी लागते, तेही जमले नाही तर गळ्याला छेद द्यावा लागतो. नंतर मानेवर बाहेरून छेद घेऊन पू वाहून जाण्यासाठी नळ्या ठेवतात, शिरेतून औषधे देतात आणि ज्या दाढेपासून हे सुरू झाले ती काढतात.

मधुमेहामुळे हे सगळे अधिक वेगाने घडते. साखर वाढलेली असली की जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, आणि संसर्ग वाढला की साखर आणखी चढते. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या घरात आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. त्यातल्या अनेकांना आपल्या दाढेतला खड्डा आणि आपली साखर यांचा काही संबंध आहे हेच माहीत नसते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण दिसले, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली तक्रार वरचा जबडा दुखणे, गाल सुजणे किंवा चांगले दात हलू लागणे हीच होती. त्या आजाराचे कारण बुरशी, कीड नव्हे. पण मधुमेही माणसाच्या सुजलेल्या गालाकडे 'दाताचीच सूज' म्हणून पाहत बसू नये, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

वरच्या दातांचा संसर्ग दुसऱ्या मार्गाने जिवावर येऊ शकतो. चेहऱ्याच्या वरच्या भागातल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध असतो आणि संसर्ग त्या वाटेने मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात २००७ च्या फेब्रुवारीत १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातातून मेंदूपर्यंत गेलेल्या संसर्गाने मरण पावला. त्याचे डोके दुखू लागले म्हणून त्याला रुग्णालयात नेले होते. पुढे मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, अनेक आठवडे तो रुग्णालयात होता आणि सुधारतोय असे वाटत असतानाच गेला. त्या वेळच्या बातम्यांनुसार दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या आसपास गेला. त्याच्या आईने डॉक्टर शोधले नव्हते असे नाही. ती धाकट्या मुलाच्या सहा किडलेल्या दातांसाठी सरकारी विमा स्वीकारणारा दंतवैद्य शोधत होती, आणि या मुलाने दाताची तक्रारही केली नव्हती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे घडले म्हणून तिथे खळबळ उडाली, मेरीलँडने गरीब मुलांच्या दंतोपचारांची व्यवस्था सुधारली. मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढी की मूल 'दात दुखतो' असे सांगेलच याचा भरवसा नसतो. ते एका बाजूने चावते, रात्री उठून रडते किंवा नुसते डोके दुखते म्हणते.

आता प्रश्न उरतो तो रात्रीचा. शनिवारी रात्री दहाला गाल सुजला, दवाखाना सोमवारी उघडणार, तोवर काय करायचे? पुढे जे सांगितले आहे ते सोमवारपर्यंतचे आहे, सोमवारऐवजीचे नाही.

दुखण्यासाठी प्रौढ माणसाला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही साधी औषधे पुष्कळ आराम देतात. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, गरज पडली तर १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून. दोन्ही एकत्र घेतली तर एकेकट्या गोळीपेक्षा परिणाम चांगला होतो. पण आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या दातदुखीच्या कित्येक गोळ्यांत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. वेगळ्या नावाची म्हणून दुसरी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जाते. म्हणून पट्टीच्या मागे लिहिलेली औषधांची नावे वाचावीत. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, गोळ्यांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करण्याची औषधे आणि गरोदरपण, यांत आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या टाळून फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून घ्यावे. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरी आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन नकोत. लहान मुलांना डोस वजनावर ठरतो आणि अॅस्पिरिन देऊच नये.

गालावर बाहेरून थंड शेक द्यावा. बर्फ थेट न लावता रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा, मग तेवढीच विश्रांती. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी दुखऱ्या बाजूला मिनिटभर धरून थुंकावे. दिवसातून पाच-सहा वेळा केले तरी चालते. उशा वाढवून डोके उंच ठेवून झोपावे. दाढेच्या खड्ड्यात अडकलेला घास दोऱ्याने किंवा मऊ ब्रशने हळुवार काढला तर बऱ्याच वेळा तेवढ्यानेही कळ कमी होते. पातळ, मऊ, कोमट खावे आणि पाणी भरपूर प्यावे. मधुमेही माणसाने जेवण टाळू नये आणि घरी मशिन असेल तर साखर मोजून लिहून ठेवावी.

लवंगेच्या तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असते. त्यातल्या युजेनॉल या घटकाने मज्जातंतू काही काळ बधिर होतो, म्हणजे आजीचे औषध निराधार नाही. दंतवैद्यही तात्पुरते सिमेंट भरताना हाच घटक वापरतात. पण ते कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब घेऊन फक्त खड्ड्यात ठेवायचे असते. हिरडीवर आणि गालावर चोळले तर ती जागा भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेले तर ते विषारी ठरते. आणखी एक मर्यादा आहे. लवंगेचे तेल जिवंत नसेला गप्प करते. गाल सुजला तोवर आतली नस बहुधा मेलेली असते आणि दुखणे हाडातल्या पुवाचे असते. तिथे तेल पोचतच नाही.

काही गोष्टी मात्र निक्षून टाळाव्यात. गालावर गरम पिशवी किंवा विटेचा शेक दिला की पू कातडीच्या दिशेने सरकू शकतो. गालावर किंवा हनुवटीखाली फुटून मग तिथे वाहती जखम राहते. काही रुग्ण ती त्वचेचा फोड समजून कित्येक महिने मलम लावत बसतात, कारण मूळ दाढेत आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवल्याने तिथली कातडी पांढरी पडून सोलते. सुई किंवा पिन घालून गळू फोडण्याचा उद्योग तर जिवाणूंना आणखी खोल नेण्याचा. ग्रामीण महाराष्ट्रात दात दुखला की मशेरी लावण्याची पद्धत आहे. दुखणे थांबवायला म्हणून सुरू झालेली मशेरी अनेक स्त्रियांची कायमची सवय होते. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने कीड बरी होत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'दातातले किडे पाडून दाखवणारे' आजही बाजारात भेटतात. दातात किडे नसतात. कीड जिवाणूंची आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सर्वांत पसरलेला घरगुती उपाय मात्र अँटिबायोटिक आहे, आणि तोच सर्वांत फसवा आहे. औषध रक्तातून फिरते. मेलेल्या दाढेच्या आत रक्त जात नाही, म्हणून तिथल्या जिवाणूंपर्यंत ते पोचू शकत नाही. ते आजूबाजूच्या मांसात शिरलेले जिवाणू कमी करते. सूज उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि काही आठवड्यांनी तोच गाल पुन्हा सुजतो. दरवेळी अर्धवट घेतलेल्या कॅप्सूलने टिकलेले जिवाणू अधिक चिवट होतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढाच्या दातदुखीत किंवा मुळाशी मर्यादित असलेल्या गळवातही आधी दातावर उपचार व्हावेत. गळू असताना ते लगेच शक्य नसतील, किंवा ताप आणि पसरती सूज असेल, तेव्हा अँटिबायोटिक द्यावे. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन हे कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध आहे. काउंटरवर मागून ते घेणाऱ्याला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का, हेही कोणी विचारत नाही.

मग दंतवैद्य करतो काय? आधी आरशाच्या दांडीने एकेका दाढेवर हलके ठोकतो. गुन्हेगार दाढ लगेच उडी मारायला लावते. छोटा एक्स-रे काढतो. मुळाच्या टोकाला काळसर सावली दिसली तर हाड झिजल्याची ती खूण, पण अगदी ताज्या गळवात ही सावली सुरुवातीचे काही दिवस दिसतही नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेवर तो विसंबत नाही. मग दाढेला वरून वाट करून देतो. कित्येकदा त्या छिद्रातून पू वर येतो आणि रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे सैल पडतो. गालातली सूज मऊ झाली असेल तर तोंडाच्या आतून छेद घेऊन ती रिकामी करतो, छेद लगेच बंद होऊ नये म्हणून रबराची पट्टी ठेवतो. त्यानंतर रूट कॅनाल करून दाढ वाचवायची की काढायची, हे तिचे किती उरले आहे त्यावर ठरते.

'सूज असताना दात काढत नाहीत' हे वाक्य इतके रूढ आहे की काही दवाखान्यांतही ऐकू येते. त्यामागे एक खरी अडचण आहे. पू साठलेला भाग आम्लधर्मी होतो आणि तिथे टोचलेले भुलीचे औषध नीट काम करत नाही. पण खालच्या दाढेसाठी भूल सुजलेल्या जागी टोचतच नाहीत. जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथे मज्जातंतू हाडात शिरतो, तिथे ती देतात. तोंड उघडत असेल आणि भूल देता येत असेल तर संसर्गाचे मूळ लवकर काढणे हाच सूज उतरवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. 'आधी सूज उतरू दे' म्हणून आठवडाभर थांबणे म्हणजे घरात पाणी येत असताना नळ चालू ठेवून फरशी पुसणे नव्हे का, असे एखाद्याला वाटेल. वैद्यकशास्त्राचे उत्तरही त्याच दिशेचे आहे. वरचे दात काढले की नजर जाते, ही दुसरी समजूत. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळ्या आहेत. डोळ्याला धोका होऊ शकतो तो न काढलेल्या, पू झालेल्या वरच्या दाताकडून.

गरोदर बाईला 'बाळंतपणानंतर बघू' म्हणून थांबवणेही असेच चुकीचे आहे. पू झालेल्या दातावर गरोदरपणात कोणत्याही महिन्यात उपचार करता येतात. तिने फक्त कितवा महिना आहे ते आधी सांगावे.

खर्चाची धास्ती हे उशीर होण्याचे मोठे कारण असते, आणि ते कारण खोटे नाही. अशा वेळी सरकारी दंत महाविद्यालये आठवावीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, इथे खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत हे सगळे उपचार होतात. दाढ काढणे हे तर तिथले नित्याचे काम आहे. जिल्हा रुग्णालयांतही दंत विभाग असतो.

सूज गालापुरतीच आहे, तोंड तीन बोटे उघडते, गिळता येते आणि ताप नाही, अशा माणसाने पुढच्या एका दिवसात दंतवैद्य गाठावा आणि मधल्या काळात दुखणे थांबले तरी ती भेट रद्द करू नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असतील तर एक दिवसही न थांबता त्याच दिवशी जावे. पण तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे चढत असेल, थुंकी गिळता न येता बाहेर गळत असेल, आवाज घोगरा किंवा जड झाला असेल, आडवे झाल्यावर गुदमरत असेल, थंडी वाजून ताप येत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर दंतवैद्याच्या दारात वेळ घालवू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. रुग्णाला आडवे न झोपवता बसवून न्या, सोबत त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या घ्या, १०८ वर फोन करताना 'दात दुखतो' एवढेच सांगू नका. 'दाताची सूज मानेपर्यंत आली आहे, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो' असे स्पष्ट सांगा.